तर्रीची दोन मिनिटं

नागपुरातल्या लहान धंद्यांचे व्हिडिओ बहुतेक वेळा एकाच वाक्यानं सुरू होतात : ‘नमस्कार, आमच्या परिवारात आपलं सहर्ष स्वागत आहे.’ त्याआधी गणपती, मग ड्रोनमधून दिसणारा झिरो माइलचा स्तंभ, दीक्षाभूमीचा घुमट, फुटाळ्याचं पाणी. मग बोधचिन्ह गरगर फिरत येतं, त्यावर ढोल वाजतो. पाऊण मिनिट होऊन जातं आणि दुकान नेमकं काय विकतं ते अजून कळलेलं नसतं. पाहणारा तोवर पुढे सरकलेला असतो.

महालातल्या एका ताईंच्या सावजी मसाल्याच्या व्हिडिओची पहिली संहिता अशीच होती. ताई आणि त्यांच्या जाऊबाई मिळून मसाला करतात, पाकिटं भरतात, ओळखीतून विकतात. भाच्यानं मोठ्या हौसेनं लिहून काढलं होतं. सासूबाईंनी धंदा कसा सुरू केला, कोणत्या संकटांतून गेल्या, पुढे काळा मसाला, गोडा मसाला, लसणाची चटणी, मिरचीचं लोणचं अशी सगळ्या मालाची यादी, ‘शुद्ध, अस्सल, पारंपरिक, घरगुती’ हे चार शब्द तीनदा, आणि शेवटी पत्ता, दोन फोन नंबर, फेसबुक, इन्स्टाग्राम, ‘लाइक करा, शेअर करा, एकदा अवश्य भेट द्या’. घड्याळ लावून मोठ्यानं वाचलं तर साडेतीन मिनिटांच्या वर गेलं. भाचा म्हणाला, ‘थोडं लवकर वाचू ना जी.’ लवकर वाचून उपयोग नव्हता. अडचण वेगाची नव्हती, क्रमाची होती.

दोन मिनिटांत शब्द किती मावतात, हे आधी पाहू. मराठी सहज बोलीच्या वेगानं, ऐकणाऱ्याला घाई न वाटता बोललं तर मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द होतात. म्हणजे दोन मिनिटं सलग, श्वास न घेता बोललात तरी अडीचशे. पण खाण्याच्या पदार्थाचा व्हिडिओ सलग बोलून होत नाही. फोडणी तडतडायला वेळ हवा, तेल सुटताना दिसायला वेळ हवा, शेवटी नंबर वाचायला वेळ हवा. ती तीस-चाळीस सेकंदं वजा केली की हातात पावणेदोनशे शब्द उरतात. घरच्या वाणसामानाच्या यादीइतकाच हा मजकूर. त्यात सासूबाईंचा जीवनपट, सगळ्या मालाची यादी आणि चार ठिकाणचे पत्ते बसत नाहीत. काय ठेवायचं हे ठरवायला एखादं माप लागतं.

ते माप शेवटच्या ओळीतून मिळतं. म्हणून संहिता मी शेवटाकडून लिहितो. आधी पाहणाऱ्याकडे करायची विनंती, मग ती विनंती त्याला पटावी असा फायदा, आणि सगळ्यांत शेवटी सुरुवात. जाहिरातवाले सुरुवातीला हुक म्हणतात आणि विनंतीला कॉल टू अॅक्शन. पडद्यावर क्रम हुक, फायदा, विनंती असा असतो, म्हणून लिहितानाही तोच ठेवला जातो आणि तिथेच घोटाळा होतो. हुक आधी लिहिला की तो नुसता आकर्षक होतो. कुणाला थांबवायचं हे ठरलेलं नसल्यामुळे तो सगळ्यांना थांबवू पाहतो, आणि मग ड्रोन उडतो.

तर विनंतीपासून. ताईंना विचारलं, व्हिडिओ पाहून माणसानं नेमकं काय करावं? त्या म्हणाल्या, ‘मसाला घ्यावा.’ कुठून? दुकान नाही, घरीच पाकिटं भरतात. कोणी घ्यावा? इथे गोष्ट सरकायला लागली. नागपुरातले शेजारीपाजारी व्हिडिओ न पाहताही घेतात. नवीन ऑर्डरी येतात त्या पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या मुलामुलींच्या, तोंडोतोंडी नाव कळून. नागपूरबाहेर राहणारा नागपूरकर हा तो माणूस. त्याला पत्ता नको, ‘अवश्य भेट द्या’ नको. त्यानं एक लहान पाकीट मागवून पाहावं, इतकंच हवं. आणि ते मागवण्याची वाट एकच असावी. दोन नंबर, दोन खाती दिली की माणूस ‘नंतर पाहू’ म्हणतो.

आम्ही विनंती अशी ठरवली : पडद्यावरच्या नंबरवर व्हॉट्सअॅप करा आणि फक्त ‘तर्री’ एवढंच लिहा. हा एक शब्द दोन कामं करतो. लिहिणाऱ्याला काय लिहू, कसं विचारू हा संकोच राहत नाही. आणि ताईंना कळतं की हा माणूस व्हिडिओ पाहून आलाय, भिशीतून नाही. व्हिडिओखाली दुवा देता येतो, तो दाबला की नंबर साठवून न ठेवताही गप्पांची खिडकी उघडते आणि शब्द आधीच लिहिलेला असतो. दुव्यात देशाचा क्रमांक ९१ हवाच, त्याआधी अधिकचं चिन्ह नको, मध्ये मोकळी जागा नको. शब्द रोमन लिपीत ठेवला तर दुवा कुठेही चिकटवला तरी तुटत नाही :

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=TARRI
```

व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये आपोआप जाणारा स्वागताचा निरोप लावता येतो. त्यात किंमत, वजन आणि पार्सल पोचायला लागणारे दिवस लिहून ठेवायचे. रात्री अकराला निरोप पाठवणाऱ्याला सकाळी नऊला उत्तर मिळालं तर त्याची भूक तोवर निघून गेलेली असते. विनंती पडद्यावर संपत नाही, पलीकडे उत्तर देणारं कुणी आहे का यावर ती उभी असते.

विनंतीत खोटी घाई घालू नये. ‘फक्त आजच’, ‘शेवटची दहा पाकिटं’ असं म्हणायचा मोह होतो. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं ग्राहकांना फसवणाऱ्या तेरा युक्त्यांची यादी जाहीर करून त्यांना मनाई केली, त्यात खोटी निकड ही एक आहे. खरी मर्यादा असेल तर ती मात्र स्पष्ट सांगावी. ताई आठवड्याला एकदाच दळण करतात, म्हणून बुधवारपर्यंत आलेल्या ऑर्डरी शनिवारी निघतात. ही घाई खरी आहे आणि ऐकणाऱ्याला ती खरी वाटते, कारण तिच्यामागे कारण दिसतं.

आता फायदा. पहिल्या संहितेत होतं : ‘आमचा मसाला शुद्ध, अस्सल, पारंपरिक आणि घरगुती आहे.’ या वाक्यावर एक सोपी परीक्षा करता येते. ‘आमचा’ या जागी समोरच्या कुठल्याही दुकानाचं नाव घालून वाचायचं. वाक्य तसंच चालत असेल तर त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. इथे तर कायदाही आडवा येतो. अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबाबत अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम आहेत. ‘नैसर्गिक’, ‘ताजं’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’, ‘अस्सल’ अशा अर्थाचे शब्द त्यांनी अटींना बांधलेत, आणि ‘घरी बनवलेलं’ यासारखे ग्राहकाचा चुकीचा समज करून देणारे शब्द वापरू नयेत असं म्हटलंय. ‘सर्दी जाते, पचन सुधारतं’ असले आरोग्याचे दावे तर त्याहून जोखमीचे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान धंदेवाल्याला हे माहीत नसतं आणि व्हिडिओ काढून देणाऱ्याला बऱ्याचदा त्याची फिकीर नसते.

विशेषणं गेली की उरतं ते काम : मसाला काय करतो. ताईंना विचारलं, बाहेरगावचे लोक तुमच्याकडे कोणती तक्रार घेऊन येतात? उत्तर एका दमात आलं. ‘सगळ्यांचं एकच. तर्री नाही येत म्हणतात.’ हाच फायदा. नागपूरकराला तर्री समजावून सांगावी लागत नाही. पोह्यावर ओततात ती, सावजीच्या रश्शावर तरंगते ती, लाल तेलाची. हलबा कोष्टी समाजाच्या घरांतून आणि खानावळींतून नागपूरभर गेलेल्या या स्वयंपाकाची ओळखच तिच्यात आहे. पुण्यात राहणाऱ्या मुलाला मसाल्यातले घटक किती, हे जाणून घ्यायचं नाही. त्याला रविवारी रश्शावर तर्री हवी.

ताईंना मसाल्याचं मर्म ठाऊक होतं, पण त्यांना ते सांगण्याजोगं वाटलं नव्हतं. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात जवळजवळ नाही. म्हणून मसाला मंद आचेवर आधी तेलात परतावा लागतो, तेल सुटेपर्यंत, आणि मगच गरम पाणी. पाणी आधी पडलं तर रंग रश्शात गढूळ राहतो, वर येत नाही. आच मोठी झाली तर मसाला काळवंडतो आणि कडवट होतो. बाहेरगावी राहणाऱ्या निम्म्या पोरांची तर्री मसाल्यामुळे नाही, या क्रमामुळे बिघडते. हे व्हिडिओत सांगितलं तर कुणी म्हणेल की आपण गुपित फोडलं. उलट, पहिल्या वीस सेकंदांत पाहणाऱ्याच्या हाती काहीतरी पडतं आणि जो बोलतोय त्याला स्वयंपाक कळतो हे त्याला पटतं. विकणाऱ्यावर विश्वास बसायला यापेक्षा जवळची वाट मला माहीत नाही.

फायदा सांगितल्यावर पुरावा लागतो. भाच्यानं सुचवलं, पाण्याच्या ग्लासात तिखट भुरभुरायचं. कृत्रिम रंग असेल तर लगेच लाल रेघा खाली उतरतात. ही परीक्षा खरी आहे, अन्नसुरक्षा प्राधिकरणानं घरी करायच्या तपासण्यांत ती दिलीय, आणि पडद्यावर फार सुंदर दिसते. तरी आम्ही ती काढली. तिनं फक्त पाण्यात विरघळणारा रंग पकडला जातो. मिरचीत मिसळले जाणारे सुदान जातीचे रंग तेलात विरघळतात, ते ग्लासात रेघा काढत नाहीत. पाहणारा समजणार ‘कसलाही रंग नाही’, आणि दाखवलेल्या गोष्टीतून तेवढं सिद्ध होत नाही. शिवाय आपला दावा रंगाचा नव्हता, तर्रीचा होता. पुरावा दाव्याचाच हवा. म्हणून ठरलं की कढईचा एकच शॉट घ्यायचा, न कापता : मसाला तेलात पडतो, ताई परततात, कडेनं लाल तेल सुटायला लागतं. वीस सेकंद, कुणी बोलायचं नाही. मध्ये काप मारला की पाहणाऱ्याला शंका येते की वरून तेल ओतलं.

मिरचीबद्दलही असाच प्रश्न आला. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, नाव मोठं आहे, व्हिडिओत घ्यावं असं भाच्याला वाटत होतं. ताई म्हणाल्या, ‘भिवापुरी थोडी असते जी. बाकी कळमन्याच्या बाजारात जी चांगली मिळते ती.’ मग नाव घेता येत नाही. मानांकन त्या भागातल्या मिरचीचं आहे. मिश्र मिरचीच्या पाकिटावर ते मिरवणं हा दिशाभूल करणारा दावा झाला असता. त्याऐवजी ताई जे खरंच करतात ते घेतलं : दोन प्रकारच्या मिरच्या, एक रंगासाठी, एक तिखटासाठी.

आता कुठे हुक. विनंती ठरली, फायदा ठरला, माणूस ठरला. त्या माणसाला थांबवणारी गोष्ट शोधायला फार लांब जावं लागलं नाही. ताईंच्या फोनवर आलेल्या निरोपांत ती लिहिलेलीच होती. रात्री, ओट्याशी उभं राहून, व्हिडिओ कॉलवर मुलगा विचारतो : ‘आई, तर्री काऊन येऊन नाही राहिली?’

या एका ओळीत बरंच आहे. ‘काऊन’ आणि ‘येऊन राहिली’ ऐकलं की पुण्यात, बंगळुरात, कुठेही असलेला नागपूरकर मान वर करतो. ज्याला ही बोली परकी वाटते तो पुढे जातो, आणि त्याला जाऊ द्यावं. तो पाकीट मागवणार नव्हताच. प्रमाण भाषेत हेच वाक्य ‘आई, रश्शावर तेलाचा तवंग का येत नाही?’ असं झालं तर अर्थ राहतो, माणूस निसटतो. खूप जण पडद्यावर यायचं म्हणून प्रमाण मराठी किंवा हिंदी बोलू लागतात, आणि आवाजातला स्वतःचा धंदाच हरवून बसतात. हुकात प्रश्न हवा तो पाहणाऱ्याच्या तोंडचा. ‘तुम्हाला माहीत आहे का?’ हा विकणाऱ्याच्या तोंडचा प्रश्न, तो कुणालाच पडलेला नसतो.

जाहिरातीच्या इतिहासात नागपूरशी नातं असलेलं एक मोठं उदाहरण आहे. केशव विष्णू पेंढरकर नागपुरात किराणा दुकान चालवत, तिथून मुंबईला गेले आणि १९५२ मध्ये त्यांनी विको सुरू केली. सुरुवात दातांच्या पावडरीनं झाली, माल दारोदार फिरून विकला गेला. हळदीची क्रीम १९७५ ची. तिच्या जाहिराती चित्रपटगृहांत लागायच्या, आणि १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’ आलं तेव्हा त्याची प्रायोजक हीच कंपनी होती. त्या जाहिरातींची बांधणी आजही तपासण्यासारखी आहे. त्यांनी नवरीची हळद घेतली. हळदीनं त्वचा उजळते हे कुणाला पटवून द्यावं लागत नव्हतं. लग्नघरातल्या प्रत्येकानं ते पाहिलेलं होतं. फायदा समजावून न सांगता ओळखीच्या प्रसंगातून उचलला होता. आणि हे प्रसाधन नव्हे हे ठासून सांगितलं होतं. क्रीम औषधात मोडते की सौंदर्यप्रसाधनात, हा वाद पुढे अबकारी करावरून न्यायालयातही गेला. कंपनी जाहिरातीत जे म्हणत होती तेच तिथेही म्हणत राहिली. पडद्यावरचा दावा आणि कागदावरचा दावा एक असण्याचं बळ असं असतं.

एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. अंधाऱ्या चित्रपटगृहात बसलेला प्रेक्षक उठून जात नव्हता, त्यामुळे जाहिरातीच्या गाण्याची चाल हळूहळू मनात भिनायला वेळ होता. आजचा पाहणारा अंगठा तयार ठेवून बसलेला असतो. यूट्यूबवर बऱ्याच जाहिराती पाच सेकंदांनंतर ओलांडता येतात. म्हणून ओळखीचा प्रसंग तेव्हासारखाच घ्यायचा, पण तो पहिल्या वाक्यात यायला हवा.

सगळं जुळल्यावर ताईंची संहिता अशी झाली. डावीकडे दिसतं ते, उजवीकडे ऐकू येतं ते, अशा दोन रकान्यांत ती लिहिली होती. इथे एकाखाली एक देतो.

पुण्यातलं लहानसं स्वयंपाकघर, रात्र. कढईत गढूळ रस्सा. फोन डब्याला टेकवलेला.
मुलगा : आई, तर्री काऊन येऊन नाही राहिली?
आई : पाणी आधी टाकलं का तू?
मुलगा : हो.
आई : मंग कशी येईन! मसाला आधी तेलात परत. आच मंद ठेव. तेल सुटलं की मंग गरम पाणी.
मुलगा : अन् मसाला? इथला तं नुसता लाल आहे.

पडद्यावर अक्षरं : महाल, नागपूर. ताई मिरच्यांची देठं काढताहेत. भाजण्याचे जवळचे शॉट.
ताई : आम्ही दोन मिरच्या घेतो. एक रंगाची, एक तिखटाची. देठं काढून, उन्हात वाळवून. धने, खसखस, दगडफूल, मिरे वेगवेगळे भाजतो. एकत्र भाजले तं खसखस जळते अन् धने कच्चे राहतात.

कढई, न कापलेला शॉट. वीस सेकंद फक्त परतण्याचा आवाज.
ताई : पाहा. पाणी नाही टाकलं अजून. कडेनं तेल सुटलं, की समजायचं, तर्री येणार.

पाकिटातला छोटा चमचा.
ताई : अर्धा किलो मटणाला हे दोन चमचे. तिखट कमी खात असाल, तं एक. चण्याच्या उसळीलाही एवढंच.

पुन्हा पुणे. कढईवर लाल तर्री.
आई : आली का?
मुलगा : आली!

पाकीट, त्याखाली नंबर. आठ सेकंद तसाच.
ताई : पहिल्यांदा घेत असाल तं लहान पाकीट मागवा. या नंबरवर व्हॉट्सअॅप करा, फक्त लिहा, तर्री. बुधवारपर्यंत लिहिलं, तं शनिवारी पार्सल निघते.

बोलके शब्द दीडशेच्याही आत बसले. पहिला प्रसंग वीस-पंचवीस सेकंदांचा, मिरच्या आणि भाजणं तेवढंच, कढई अर्ध्या मिनिटाच्या जवळपास, उरलेलं चमचा, पुणे आणि पाकीट. फायद्याला सगळ्यांत जास्त वेळ दिलाय हे मुद्दाम. बहुतेक व्हिडिओंत उलट असतं. ओळख लांब, पुरावा एका वाक्यात.

यात सासूबाई नाहीत. ताईंना ते आधी रुचलं नाही, आणि त्यांचं वाईट वाटणं मला समजत होतं. पण सासूबाईंची गोष्ट ज्याला मसाला आवडला तो ऐकतो, न चाखलेला ऐकत नाही. ती पार्सलमध्ये टाकायच्या चिठ्ठीवर लिहायचं ठरलं.

चमच्याचा शॉट लहान दिसतो, पण तो एका शंकेचं उत्तर आहे. घेणाऱ्याच्या मनात शेवटच्या क्षणी एक शंका असतेच. इथे ती किमतीची नव्हती. सावजी म्हटलं की बायकोमुलांना झेपेल का, ही होती. शंका अनेक असतात, दोन मिनिटांत एकच घ्यावी. कोणती, हे विकणाऱ्याच्या फोनमधले निरोप सांगतात. जी वारंवार विचारली जाते ती.

चित्रीकरणाआधी दोन तपासण्या मी करतोच. एक, संहिता नवख्या माणसाला वाचून दाखवायची आणि दुसऱ्या दिवशी विचारायचं : काय करायला सांगितलं होतं? ‘मसाल्याचं काहीतरी’ असं उत्तर आलं तर विनंती पुन्हा लिहायची. दुसरी, कच्चा व्हिडिओ आवाज बंद करून पाहायचा. बसमध्ये, ऑफिसात लोक आवाज बंदच ठेवतात. संवाद पडद्यावर मोठ्या अक्षरांत नसतील तर ‘काऊन’ ऐकूच जात नाही आणि हुक वाया जातो.

व्हिडिओ चढवल्यावर किती जणांनी पाहिला हा आकडा सगळे बघतात. त्यातून थोडंच कळतं. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कुठपर्यंत टिकले याची रेषा दिसते, ती वाचायला शिकावी. रेषा पहिल्या काही सेकंदांत कड्यासारखी कोसळली तर शीर्षकात दिलेलं वचन सुरुवातीनं पाळलेलं नाही. मिरच्यांच्या भागात खळगा पडला तर तो भाग लांबलाय. कढईपाशी उंचवटा आला तर लोक मागे जाऊन पुन्हा बघताहेत, म्हणजे पुरावा लागू पडला. रेषा शेवटपर्यंत चांगली आणि तरी ‘तर्री’ लिहिलेले निरोप मोजकेच, तर बिघाड विनंतीत आहे किंवा पाहणारे आपले नाहीत. हे सगळे निष्कर्ष पन्नास-साठ जणांच्या पाहण्यावरून काढू नयेत. घरच्यांनीच दहा वेळा पाहिलेलं असतं.

दोन मिनिटांच्या व्हिडिओची मर्यादाही धंदेवाल्याला ठाऊक हवी. हा व्हिडिओ ज्याला आधीच थोडा रस आहे त्याच्यासाठी असतो : कुणी नंबर दिला, त्यानं व्हॉट्सअॅपवर विचारलं, त्याला पाठवायचा, नाहीतर प्रदर्शनातल्या स्टॉलवर पडद्यावर लावायचा. अनोळखी माणसासमोर पैसे देऊन दाखवायची जाहिरात दोन मिनिटांची करू नये. गुगलवरच्या व्यवसायाच्या पानावर तर तीस सेकंदांपेक्षा मोठा व्हिडिओ चढतच नाही. म्हणून संहिता लिहितानाच पहिला प्रसंग असा बांधावा की तो सुटा कापून, शेवटी पाकीट जोडून वेगळा वापरता येईल. ताईंच्या व्हिडिओत मुलाचा प्रश्न, आईचं उत्तर, ‘आली!’ आणि नंबर, एवढं जोडलं की तीस सेकंदांच्या आत बसतं. पण ‘आली!’ चा शॉट त्याच दिवशी, त्याच कढईत, त्याच उजेडात घ्यावा लागतो. नंतर सुचलं तर पुन्हा सगळी मांडामांड करावी लागते.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि थंडीत रश्शाची, मसाल्याची मागणी वाढते. ज्यांना या हंगामासाठी व्हिडिओ करायचा असेल त्यांनी कॅमेरेवाल्याला आगाऊ रक्कम देण्याआधी एक संध्याकाळ काढावी, गेल्या वर्षभरात ग्राहकांनी फोनवर पाठवलेले निरोप उघडावेत आणि त्यांनी वारंवार विचारलेला प्रश्न त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवून घ्यावा.